सरासरी १७ टक्के की १३.४? मोबदल्याच्या पैशाचा वीस वर्षांचा अंदाज कसा धरायचा

धुऱ्यावरून

नमस्कार मंडळी. मी घाटंजी तालुक्यातला. रस्त्यात आमची पावणेदोन एकर जमीन गेली. मोबदल्यातून सोसायटीचं कर्ज फेडलं, बहिणीचं लग्न केलं, आणि १० लाख उरले. हे पैसे वीस वर्षं इंडेक्स फंडात ठेवावे असं माझ्या मनात आहे. बाबांचं अजून पक्कं नाही.

तालुक्याहून एक एजंट आले होते. त्यांनी ओसरीवर बसून एक कागद दिला. त्यावर लिहिलंय, ‘सेन्सेक्सचा २००४ ते २०२३ या २० वर्षांचा सरासरी वार्षिक परतावा १७ टक्के’, आणि खाली ठळक अक्षरात, ‘१० लाखाचे २० वर्षांत २ कोटी ३३ लाख’. बाबा त्या आकड्याकडे बराच वेळ पाहत बसले.

रात्री मी पडताळून पाहिलं. २००३ च्या शेवटी सेन्सेक्स ५,८३८.९६ होता आणि २०२३ च्या शेवटी ७२,२४०.२६. म्हणजे १२.३७ पट. मग १० लाखाचे १ कोटी २४ लाख व्हायला पाहिजेत. कागदावर त्याच्या जवळजवळ दुप्पट!

एजंट खोटं बोलले असं वाटलं, म्हणून वीसही वर्षांचे टक्के स्वतः काढून बेरीज केली. बेरीज ३४१.२ आली, भागिले २० म्हणजे १७.०६. सरासरी बरोबर आहे. शेवटचा आकडाही बरोबर आहे. मग मधले १ कोटी ९ लाख गेले कुठे? आणि बाबांना पुढच्या वीस वर्षांसाठी कोणता टक्का सांगू?

आकडेमोड

भाऊ, तुम्ही दोन्ही बाजूंनी पडताळलं हे फार चांगलं केलं. पैसे कुठेही गेले नाहीत, ते कधी आलेच नव्हते. तुमच्याच यादीतली फक्त तीन वर्षं घ्या, म्हणजे सगळं उघड होईल.

२००७ च्या शेवटी सेन्सेक्स २०,२८७. २००८ मध्ये तो ५२.४ टक्के पडून ९,६४७ वर आला. २००९ मध्ये ८१ टक्के चढून १७,४६५ झाला. २०१० मध्ये आणखी १७.४ टक्के चढून २०,५०९. आता तिन्ही टक्क्यांची साधी सरासरी काढा, ती १५.३ येते. आणि खरं काय झालं? २०,२८७ चे २०,५०९. तीन वर्षांत मिळून जेमतेम एक टक्का, म्हणजे वर्षाला ०.४ सुद्धा नाही.

कारण साधं आहे. ५२ टक्के पडले ते २०,२८७ वर, आणि ८१ टक्के चढले ते ९,६४७ वर. टक्का मोठा, पण तो लागला लहान रकमेला. बेरीज करताना आपण दोन्ही टक्के एकाच रकमेवरचे आहेत असं धरून चालतो. पैसा मात्र गुणाकाराने वाढतो आणि गुणाकारानेच घटतो. म्हणून त्याची सरासरीही गुणाकाराची घ्यावी लागते, तिला भूमितीय सरासरी म्हणतात. फंडाच्या कागदावर सीएजीआर लिहितात ती हीच.

तुमच्या वीस वर्षांसाठी एक्सेलमध्ये असं:

```
=AVERAGE(B2:B21)
=(72240.26/5838.96)^(1/20)-1
```

B रकान्यात वर्षावर्षाचे टक्के असू द्या. पहिल्या ओळीचं उत्तर १७.०६ टक्के, दुसरीचं ०.१३४०, म्हणजे १३.४० टक्के. एजंटने पहिलं उत्तर घेतलं आणि त्याला चक्रवाढ लावली. चूक तिथे झाली.

पऱ्हाटी

मले एक समजत नाही भाऊ. माह्या वावरात चार सालं एकरी कापूस झाला ८, ३, १० अन् ७ क्विंटल. सरासरी ७. तुमच्या गुनाकाराच्या हिशोबानं मी पोराकडून काढून घेतली तं ६.४ येते. आता मी चार सालात एकरी २८ क्विंटल मोजून गाडीत भरला, म्हनजे सालाचे ७ च झाले ना? मंग ६.४ कोनाचं खरं मानू?

आकडेमोड

७ च खरं. तुमचा प्रश्न नेमका मुद्द्यावर आहे.

कापूस दर हंगामात त्याच एकरातून नव्याने येतो. यंदा ३ क्विंटल झाला म्हणून पुढच्या वर्षी तुमचं वावर अर्ध्या एकराचं होत नाही. वर्षांची बेरीज होते, म्हणून साधी सरासरीच योग्य. गुंतवलेल्या पैशाचं तसं नाही. २००८ मध्ये ज्याचे १० लाखाचे पावणेपाच लाख झाले, त्याने २००९ ची पेरणी पावणेपाच लाखाच्याच वावरात केली.

याच्या उलटही खरं आहे. कोणी दरवर्षी १ जानेवारीला पुन्हा बरोबर १० लाखच लावत असेल, वाढलेले काढून घेत असेल आणि कमी पडलेले खिशातून भरत असेल, तर त्याला साधी सरासरी लागू पडेल. पण असं करणारा मला अजून भेटलेला नाही.

पऱ्हाटी

समजलं बावा. वावर तेवढंच राह्यते का कमीजास्त होते, हे पाहाचं.

दारव्ह्याचे गुरुजी

मी गणित शिकवत होतो म्हणून थोडं लिहितो. या दोन सरासऱ्यांमधला फरक चढउतारावरून अंदाजे काढता येतो. प्रत्येक वर्षाचा परतावा सरासरीपासून किती दूर गेला याचं प्रमाण विचलन काढा, त्याचा वर्ग करा, त्याचं अर्धं करा, आणि ते साध्या सरासरीतून वजा करा. मी या यादीचं केलं. विचलन २७ टक्के आलं. ०.२७ चा वर्ग ०.०७२९, त्याचं अर्धं साधारण ३.६ टक्के. १७.०६ मधून ३.६ गेले की १३.४ उरतात. हातानं केलेलं गणित इतकं जुळलं की फळा पुसवेना.

यालाच व्होलॅटिलिटी ड्रॅग म्हणतात, म्हणजे चढउतारामुळे होणारी झीज. चढउतार दुप्पट झाला तर झीज चौपट होते, कारण त्यात वर्ग आहे. म्हणून माझं स्पष्ट मत असं की शेअर बाजार दरवर्षी साडेतीन टक्के खातो. सीएजीआर १३.४ दाखवत असेल तर त्यातून ३.६ वजा करून १० च धरा. मुदत ठेवीत ही झीज नाही, तिथले ७ म्हणजे ७. माझा कल तिकडेच.

आकडेमोड

गुरुजी, नमस्कार. वर्गाचा अर्धा भाग वजा करण्याची रीत तुम्ही अगदी सोपी करून सांगितलीत. ती अंदाजाची रीत आहे. चढउतार फार मोठा असला की थोडी चुकते, पण इथे छान बसली. चौपटीचा मुद्दाही बरोबर.

दोन ठिकाणी मात्र मी नम्रपणे थांबवतो. पहिलं, १३.४ मधून पुन्हा ३.६ वजा करायचे नाहीत. सीएजीआर पहिल्या आणि शेवटच्या आकड्यावरून निघतो, त्यात झीज आधीच आलेली आहे. ५,८३९ ला १३.४ टक्क्यांनी वीस वर्षं वाढवलं की बरोबर ७२,२४० येतात, दुसरी वजाबाकी करायला जागाच नाही. ही चूक शिकलेल्या लोकांकडूनही होते.

दुसरं, ही झीज म्हणजे कोणी घेतलेलं कमिशन नाही. ते पैसे कोणाच्याही खिशात गेले नाहीत. साधी सरासरी पैशाच्या वाढीचं माप म्हणून वापरली की जी तफावत दिसते, तिला दिलेलं ते नाव आहे. म्हणून ठेवीच्या ७ ची तुलना १३.४ शी करा. १७ शी नको आणि १० शीही नको. जोखीम नको म्हणून ठेव निवडणं हा वेगळा आणि रास्त निर्णय आहे, पण तो झिजेच्या नावाखाली घेऊ नये.

दारव्ह्याचे गुरुजी

दुबार वजाबाकीची चूक मान्य. ठेवीबद्दलचं मत कायम ठेवतो, माझं वय ७२ आहे.

तिफन

माझं सांगतो. एका कंपनीच्या शेअरमध्ये २ लाख टाकले, वर्षात १ लाख झाले. पुढच्या वर्षी ५० टक्के वाढले. ज्याने घ्यायला लावले होते तो म्हणाला, बघ, ५० गेले ५० आले, हिशोब बरोबर. माझ्या खात्यात दीड लाख. त्या दिवशी मला कोणी हे समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

माझा प्रश्न: मी महिन्याला २,००० ची एसआयपी करतो. त्याला यातली कोणती सरासरी लावू?

आकडेमोड

दोन्ही नाही. तुमचा प्रत्येक हप्ता वेगळ्या तारखेला गेला, कोणी पाच वर्षं राहिला, कोणी पाच महिने. त्यासाठी एक्सेलमध्ये XIRR असतो, तो प्रत्येक हप्त्याची तारीख धरून वार्षिक दर काढतो. धाग्याचा प्रश्न एकरकमी पैशाचा आहे, तुमच्यासाठी वेगळा धागा काढू.

नदीकाठ

उशिरा आलो. आतापर्यंतचं सगळं मागच्या हिशोबाला बरोबर आहे. पण मूळ प्रश्न पुढच्या अंदाजाचा आहे, आणि ‘लांबच्या मुदतीला भूमितीयच’ हे सरसकट म्हणणं मला पटत नाही.

चार भावांचं उदाहरण घ्या. प्रत्येकाकडे १०० रुपये. दरवर्षी नाणं उडवायचं. छापा आला तर ५० टक्के वाढ, काटा आला तर ३० टक्के घट. साधी सरासरी १० टक्के. दोन वर्षांत चारच शक्यता आहेत आणि त्या चार भावांना एकेक आली असं समजा. पहिल्याला दोन्ही छापे, त्याचे २२५. मधल्या दोघांना एक छापा एक काटा, दोघांचेही १०५. धाकट्याला दोन्ही काटे, त्याचे ४९. चौघांची बेरीज ४८४, सरासरी १२१. आणि १०० ला १० टक्के चक्रवाढ दोन वर्षं, बरोबर १२१. म्हणजे अपेक्षित रक्कम विचारली तर साध्या सरासरीची चक्रवाढच बरोबर उत्तर देते. भूमितीय सरासरी २.५ टक्क्यांच्या आसपास, ती १०५ देते. ती ‘अपेक्षित’ रक्कम नव्हे.

आकडेमोड

नदीकाठ, तुमचं गणित शंभर टक्के बरोबर. पण धुऱ्यावरून यांचे बाबा चौघांपैकी कोण आहेत हे आपल्याला माहीत नाही. १२१ च्या वर एकच भाऊ आहे, तिघं खाली आहेत. १२१ हा आकडा पहिल्या भावाच्या २२५ मुळे वर ओढला गेला. रांगेत मधोमध उभ्या माणसाला १०५ मिळाले, आणि तो आकडा भूमितीय सरासरीतून येतो. वर्षं वाढतील तशी ही फाकणी वाढते. अपेक्षित रक्कम पुढे पळत राहते आणि तिच्यापर्यंत पोचणारे भाऊ कमी होत जातात. ज्याच्याकडे एकच मोबदला आहे आणि तो एकदाच गुंतवायचा आहे, त्याने मधल्या भावाचा आकडा धरावा असं मला मनापासून वाटतं.

शिवाय नाण्याचे १० टक्के आपल्याला पक्के ठाऊक आहेत. सेन्सेक्सचे १७ ठाऊक नाहीत, ते वीस वर्षांच्या नमुन्यातून आलेत. विचलन २७, भागिले २० चं वर्गमूळ, म्हणजे या १७ मध्येच सहा टक्क्यांचा डगमग आहे. खरी सरासरी ११ असू शकते, २३ ही असू शकते. १० लाख वीस वर्षं ११ ने वाढवले तर ८१ लाख होतात, २३ ने वाढवले तर ६ कोटी २८ लाख. दोन्हींची सरासरी साडेतीन कोटी, आणि सरळ १७ ने वाढवले तर २ कोटी ३१ लाख. टक्क्यातली चूक दोन्ही बाजूंना सारखी असली तरी रकमेतली चूक वरच्या बाजूला फुगते. म्हणून नमुन्यातल्या साध्या सरासरीला लांब चक्रवाढ लावली की अपेक्षित रकमेचा अंदाजसुद्धा जास्तच येतो. तुमच्या स्वतःच्या निकषावरही १७ टिकत नाही.

नदीकाठ

हे मान्य करावं लागेल. याच दोषावर मार्शल ब्लूम यांनी १९७४ मध्ये लिहिलं होतं. २००३ मध्ये जॅकिए, केन आणि मार्कस या तिघांनी तो हिशोब सोप्या रूपात मांडला. नमुना जितक्या वर्षांचा आणि अंदाज जितक्या वर्षांचा, त्यांच्या प्रमाणात दोन्ही सरासऱ्या मिसळायच्या. २० वर्षांचा नमुना आणि १० वर्षांचा अंदाज असेल तर निम्मी साधी, निम्मी भूमितीय, म्हणजे १५.२ टक्के. १० लाखाचे १० वर्षांत ४१ लाख. नुसत्या साध्या सरासरीने ४८ येतात, नुसत्या भूमितीयने ३५. एका वर्षाच्या अंदाजाला जवळपास पूर्ण साधी सरासरी. अंदाजाची वर्षं नमुन्याइतकी झाली की पूर्ण भूमितीय. आणि त्याहून लांब गेलात तर भूमितीयच्याही खाली.

म्हणजे धुऱ्यावरून यांच्या २० ला २० च्या प्रश्नात आपण दोघं वेगळ्या वाटेने १३.४ वरच पोचतो. अर्थात या रीतीत प्रत्येक वर्ष मागच्या वर्षापासून स्वतंत्र आहे असं धरलंय. बाजार फार पडल्यावर सावरतो आणि फार चढल्यावर थंडावतो, असं माझं निरीक्षण आहे. तसं असेल तर लांबच्या मुदतीत चढउतार थोडा कमी भरेल.

आकडेमोड

त्यावर माझी खात्री नाही. वीस वर्षांत वीस वर्षांचा एकच तुकडा मिळतो, त्यावरून हे सिद्ध कसं करायचं? दहा वेळा वाद झालाय, अकराव्यांदाही मिटणार नाही.

मला मोठी काळजी दुसरीच आहे. भूमितीय सरासरी फक्त दोन टोकं पाहते. धुऱ्यावरून, तुमच्या कागदाची सुरुवात २००३ च्या शेवटी आहे. त्यानंतर चार वर्षं बाजार जोरात चढला. तेच २००७ च्या शेवटी, २०,२८७ वर पैसे टाकणाऱ्याचं पाहा. २०२३ पर्यंत सोळा वर्षांत ३.५६ पट, म्हणजे वर्षाला ८.३ टक्के. बाजार तोच, शेवटही तोच, चार वर्षं उशिरा सुरुवात केली की १३.४ चे ८.३ झाले. आपण ज्या दोन सरासऱ्यांवर एवढं बोललो त्यांच्यातला फरक साधारण ३.७ होता, हा ५.१ आहे. म्हणून कोणीही सीएजीआर दाखवला की आधी विचारा, सुरुवात कुठून धरली आणि तिथूनच का? (हे सगळे आकडे लाभांश सोडून आहेत, तो धरला तर दोन्हीकडे थोडी भर पडेल.)

धुऱ्यावरून

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल जेवण झाल्यावर बाबांना चार भावांची गोष्ट सांगितली. ते लगेच म्हणाले, “आपण मधले धर.” मग त्याच कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं: १३.४ ने १ कोटी २४ लाख, ८.३ ने ४९ लाख. समोरचे २ कोटी ३३ लाख बाबांनी स्वतःच्या हाताने खोडले.

पण नवीन अडचण निघाली. बाबा म्हणतात वीस वर्षं पूर्ण बंद ठेवायला जमणार नाही, वर्षाला लाखभर काढावे लागतील. मग हेच टक्के चालतील का?

आकडेमोड

नाही, आणि हे आत्ताच विचारलंत ते बरं झालं. पैसे काढायला लागलात की कोणतीच सरासरी पुरत नाही, कोणतं वर्ष आधी येतं यावर सगळं ठरतं.

तीच तीन वर्षं घ्या, १० लाख आणि दर वर्षअखेर १ लाख काढायचे. २००८, २००९, २०१० याच क्रमाने गेलं तर शेवटी ५ लाख ८१ हजार उरतात. तीच वर्षं उलट्या क्रमाने आली, पडझड शेवटी, तर ७ लाख ७७ हजार. काहीच काढलं नसतं तर दोन्ही क्रमांत १० लाख ११ हजार. दोन्ही क्रमांची भूमितीय सरासरी एकच आहे आणि हातात मात्र जवळजवळ दोन लाखांचा फरक. पडलेल्या वर्षी काढलेला लाख पुढच्या चढीला हजर नसतो.

बाबांना पहिली पाच-सहा वर्षं लागणारे लाख वेगळे काढून ठेवीत ठेवता येतील का, ते आधी पाहा. मग उरलेल्या रकमेचा अंदाज १३.४ आणि ८.३ या दोन्हींनी पुन्हा काढू.

दारव्ह्याचे गुरुजी

ठेवीचा भाग माझ्याकडे द्या. दर तिमाहीचं व्याज धरून तक्ता मी करून पाठवतो.

पऱ्हाटी

गुरुजी, त्यो तक्ता मलेबी पाठवा. मोबदला नाही भेटला, पन औंदा तुरीचे पैसे हायेत थोडे.